डायच्या बॉक्सवर 'वीगन' आणि 'क्रुएल्टी फ्री' लिहितात त्याचा नेमका अर्थ काय?

मुग्धा_सातारा
लेक पुण्याला शिकायला गेली आणि वीगन होऊन आली. आता घरात तिच्यासाठी दूध वेगळं वगैरे चालू आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण परवा माझं नेहमीचं कलरचं पाकीट उचलून म्हणाली आई हे वापरू नकोस, यात प्राण्यांचं काहीबाही असतं, आणि ऑनलाइन दुसरा बॉक्स मागवून दिला. त्यावर सशाचं चित्र, वीगन, क्रुएल्टी फ्री, अमोनिया फ्री, आणि सगळीकडे पानंच पानं. मला गेल्या वेळी डाय लावल्यावर कानामागे आणि मानेवर खाज आली होती, म्हणून म्हटलं चला बरंच झालं, हा तरी सौम्य असेल. मग चष्मा लावून मागची बारीक यादी वाचली तर त्यातही ते पॅरा फेनिलिन डायअमाइन आहेच! तेच तर माझ्या जुन्या पाकिटावर पण आहे. मग हे वीगन कसलं डोंबलाचं? कंपनीने फसवलं का लेकीला?

रंगारी_वापी
फसवलं नाही ताई. ते पॅरा फेनिलिन डायअमाइन, म्हणजे पीपीडी, वीगनच आहे, शंभर टक्के. बेंझीनपासून बनतं, बेंझीन पेट्रोलियममधून येतं, त्यात कुठल्या प्राण्याचा संबंधच येत नाही. वीगन म्हणजे मालात प्राण्यापासून आलेलं काही नाही, एवढंच. सौम्य, सुरक्षित, हर्बल, केमिकल नसलेलं यातलं काहीही तो शब्द सांगत नाही.

मी हेअर कलर क्रीमच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बरीच वर्षं आहे. जमलं तर दोन्ही बॉक्सवरच्या याद्या इथे टाइप करा, शेजारी शेजारी ठेवून सांगतो फरक कुठे आहे ते.

तात्या_ठाणेकर
अहो एवढं कशाला डोकं लावायचं. भारतात 2014 सालीच कॉस्मेटिकची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आली आहे, बाहेरून आणायलाही बंदी आहे. म्हणजे इथे दुकानात मिळणारा प्रत्येक डाय आपोआप क्रुएल्टी फ्री झाला, ससा काढून जास्त पैसे घ्यायची युक्ती आहे ही सगळी. आणि वीगन बघायचं असेल तर हिरवा ठिपका बघा, संपला विषय.

कमल_काकू
मुग्धा, केस गळत असतील तर डाय बंदच कर. खोबरेल तेलात कढीपत्ता आणि मेथीदाणे उकळून लाव, माझ्या सुनेला चांगला गुण आला.

मुग्धा_सातारा
काकू केस गळत नाहीयेत हो, पिकलेत 😀 खाज येते.

अनुजा_जयसिंगपूर
तात्या, हिरव्या ठिपक्याचं तेवढं सोपं नाही. आम्ही जैन, घरात मध चालत नाही. पण खाण्याच्या पाकिटांवर दूध, तूप, मध सगळं हिरव्या ठिपक्यातच येतं, म्हणजे ठिपका शाकाहारी सांगतो, वीगन नाही. साबण, शाम्पू, कॉस्मेटिकवर पण तसाच हिरवा नाहीतर लाल किंवा तपकिरी ठिपका द्यायचा म्हणून 2014 मध्ये वजनमापाच्या नियमांत आलं होतं. पण मी दुकानात डायचे बॉक्स उलटेपालटे करून बघते तेव्हा सगळ्यांवर तो सापडतोच असं नाही. आणि सापडला तरी त्यात मधमाशीचं मेण असेल की नाही हे ठिपका सांगणार नाही, यादीच वाचावी लागते.

तात्या_ठाणेकर
मग तो हिरवा व्ही आणि वर पान असलेला वीगनचा सरकारी शिक्का आहे ना?

अनुजा_जयसिंगपूर
तो अन्नाचा आहे, एफएसएसएआयचा, 2022 च्या नियमांतला. डायवर लागू नाही. डायवर जे काय दिसतं ते एकतर खासगी संस्थेचं चिन्ह असतं नाहीतर कंपनीच्या डिझायनरने काढलेलं पान.

मुग्धा_सातारा
घ्या रंगारीदादा, भिंग घेऊन बसले होते, चुकलं असेल तर सांभाळून घ्या.
जुना: पाणी, सीटेअरिल अल्कोहोल, ग्लिसेरिल स्टीअरेट, अमोनिया, ओलेइक ॲसिड, पी फेनिलिनडायअमाइन, रिसॉर्सिनॉल, लॅनोलिन, हायड्रोलाइज्ड केरॅटिन, सोडियम सल्फाइट, ईडीटीए, सुगंध.
नवा: पाणी, सीटेअरिल अल्कोहोल, ग्लिसेरिल स्टीअरेट, इथेनॉलअमाइन, ओलेइक ॲसिड, पी फेनिलिनडायअमाइन, रिसॉर्सिनॉल, एम अमिनोफिनॉल, हायड्रोलाइज्ड गव्हाचं प्रोटीन, कोरफड अर्क, सोडियम सल्फाइट, ईडीटीए, सुगंध.

रंगारी_वापी
उत्तम. आता बघा, केस काळे करणारं काम दोन्हीकडे तेच करतायत, पीपीडी आणि रिसॉर्सिनॉल. पीपीडीचा रेणू बारीक असतो, क्रीम अल्कधर्मी असल्यामुळे केस फुगतो आणि तो आत शिरतो, दुसऱ्या बाटलीतलं पेरॉक्साइड त्याचं ऑक्सिडेशन करतं, मग तो रिसॉर्सिनॉलशी जुळून मोठा रंगीत रेणू होतो आणि केसातून बाहेर पडू शकत नाही. म्हणून तो शाम्पूने धुऊन जात नाही. आणि हे जुळणं चालू असताना मधल्या टप्प्यावर जे तयार होतं ते कातडीच्या प्रथिनांना चिकटतं, ॲलर्जीचं मूळ मुख्यतः तिथे आहे. तुमची खाज त्यातली असेल तर नव्या बॉक्सने ती जाणार नाही.

फरक कुठे आहे बघा. लॅनोलिन गेलं, ते मेंढीच्या लोकरीचं मेण. केरॅटिन गेलं, ते लोकर, पिसं, खूर यातून काढतात, त्याच्या जागी गव्हाचं प्रोटीन आलं. या दोन बदलांमुळे तो बॉक्स वीगन झाला. आणि अमोनियाच्या जागी इथेनॉलअमाइन आलं, त्याचा वीगनशी काही संबंध नाही, फक्त नाकाला वास येत नाही एवढंच. केस फुगवायचं काम ते पण करतं.

राहिलं ग्लिसेरिल स्टीअरेट आणि ओलेइक ॲसिड. हे पाम तेलातून पण येतं आणि गुरांच्या चरबीतून पण. दोन्ही याद्यांत नाव एकच, त्यामुळे वाचून काही कळणार नाही. एकदा शुद्ध झालं की साध्या लॅब टेस्टमध्येही ते कशातून आलं हे सहज कळत नाही, आम्ही तरी काय करतो, सप्लायरचं पत्र घेतो की माल वनस्पतीजन्य आहे, आणि ते फाइलला लावतो. वीगन हा शिक्का शेवटी या कागदांच्या फाइलवर उभा असतो. फाइल बाहेरच्या कोणी तपासली असेल तर एक गोष्ट, नसेल तर तुम्ही कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवताय.

अनुजा_जयसिंगपूर
म्हणजे सूर्यफूलवालं चिन्ह असेल तर ती फाइल कुणीतरी पाहिली आहे असं समजायचं का?

रंगारी_वापी
ते ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीचं. कंपनीला प्रत्येक प्रॉडक्टचे घटक आणि त्यांचे स्रोत कळवावे लागतात आणि कंपनीने स्वतः किंवा तिच्या सांगण्यावरून प्राण्यांवर टेस्ट केलेली चालत नाही. नुसत्या पानाच्या चित्रापेक्षा खूप बरं. पण लक्षात घ्या, त्यांनाही पीपीडीचं काही वाटत नाही, तो त्यांचा विषयच नाही.

श्रीरंग_के
माझ्या सासऱ्यांचं सांगतो. ते सांगलीला गल्लीतल्या न्हाव्याकडून दाढीला काळी मेंदी लावून घ्यायचे, पाकिटावर 'हर्बल' आणि बाईच्या हातावर मेंदीचं चित्र. कितीतरी वर्षं काही झालं नाही. एका लग्नाच्या आधी लावली आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून गाल टम्म, डोळे मिटले, पाण्याचे फोड. त्वचेच्या डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतलं, आत मेंदी नावाला होती आणि पीपीडी भरपूर. वर तेही शुद्ध शाकाहारी म्हणून लिहिलेलं. पण माझा प्रश्न असा की इतकी वर्षं चाललं आणि मग एकदम कसं काय?

रंगारी_वापी
हे असंच होतं. शरीर आधी ओळख करून घेतं, ती ओळख पहिल्या खेपेला होईल नाहीतर पंधराव्या, सांगता येत नाही. एकदा झाली की मग प्रत्येक वेळी, आणि बहुधा आधीपेक्षा जोरात. लगेच नाही, एक ते तीन दिवसांनी फुलतं, म्हणून लोकांना डायचा संशयच येत नाही, जेवणात काय खाल्लं ते आठवत बसतात.

आणि मेंदी कधीच काळी नसते. निव्वळ मेंदी केशरी लाल रंग देते. पाण्यात कालवून तासाभरात केस काळेकुट्ट झाले तर त्यात पीपीडी आहे असं धरूनच चाला. यादीत ते दुसऱ्या नावाने पण असतं, 1,4 डायअमिनोबेंझीन किंवा सीआय 76060.

नंदा_पार्लर
मी कोल्हापुरात पार्लर चालवते. हल्ली मुली येऊन वीगन कलर आहे का विचारतात, आणि वीगन म्हटलं की टेस्ट नको म्हणतात. ताई पटकन लावा, संध्याकाळी कार्यक्रम आहे. कानामागे थेंब लावून 24 तास थांबायचं असतं हे बॉक्सच्या आतल्या कागदावर छापलेलं असतं, पण कोण वाचतो. आता मी नव्या गिऱ्हाइकाला सरळ सांगते, आदल्या दिवशी येऊन थेंब लावून जा, नाहीतर मी हात लावणार नाही. दोन गिऱ्हाइकं गेली तर गेली.

ज्यांना पीपीडी सोसतच नाही त्यांना मी मेंदी आणि नीळ करून देते. आधी निव्वळ मेंदी, धुतल्यावर वरून इंडिगोची पूड कोमट पाण्यात कालवून लगेच लावायची, कालवून तशीच ठेवून दिली की तिची रंगवायची ताकद जाते. वेळ जातो, अर्धा दिवस मोडतो, आणि पहिल्या दिवशी केस जरा हिरवट दिसतात म्हणून बायका घाबरतात, मग दोन दिवसांत गडद होतात. यात प्राण्याचं काही नाही, वीगन शिक्का नसला तरी. पण निळीच्या पाकिटाची पण यादी वाचा, त्यातही पीपीडी घालून विकणारे आहेत.

तात्या_ठाणेकर
वीगनचं पटलं. पण क्रुएल्टी फ्रीचा माझा मुद्दा अजून उभा आहे. कायद्याने बंदी आहे तर मग सशाचा काय उपयोग?

दीपा_फ्रँकफर्ट
तात्या, मी इकडे जर्मनीत राहते, इथेही बंदी आहे, 2013 पासून तर प्राण्यांवर तपासलेलं कॉस्मेटिक युरोपात विकायला पण बंदी आहे. तरी ससा पूर्ण निरुपयोगी म्हणता येत नाही, त्याची दोन कारणं.

एक म्हणजे चीन. तिथे 2021 पासून शाम्पू, क्रीम अशा साध्या मालाला काही अटींवर प्राण्यांवरच्या चाचणीतून सूट मिळते. पण हेअर डाय त्या सुटीत नाही! डाय, पर्मिंग, सनस्क्रीन, गोरेपणाची क्रीमं हे सगळं त्यांच्याकडे 'विशेष' गटात आहे आणि त्या गटाची नोंदणी करताना प्राण्यांवरची चाचणी मागितली जाते. त्यामुळे एखादी कंपनी तिचा डाय चीनच्या दुकानांतून विकत असेल तर तिथे ती चाचणी होत असणार, मग भारतातल्या किंवा इथल्या बॉक्सवर काहीही छापा. परदेशी वेबसाइटवरून चिनी ग्राहकाने मागवला तर मात्र ती अट लागत नाही. म्हणून डायच्या कंपनीला विचारायचा प्रश्न एकच, तुमचा हेअर कलर चीनमधल्या दुकानात मिळतो का.

दुसरं म्हणजे रसायनांचा कायदा वेगळा. कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी प्राण्यांवर टेस्ट मागितली जाऊ शकते, ते रसायन फक्त कॉस्मेटिकमध्येच जात असलं तरी. 2023 मध्ये युरोपच्या कोर्टाने हेच म्हटलं, सनस्क्रीनमधल्या दोन घटकांच्या केसमध्ये.

रंगारी_वापी
दीपाताई बरोबर. आणि पीपीडी तर फक्त डायमध्ये जात नाही, बुलेटप्रूफ जॅकेटचा धागा बनवायलाही लागतं, त्यामुळे त्याची तपासणी अनेक कायद्यांखाली होते. तात्या, भारतातली बंदी कॉस्मेटिकसाठी प्राणी वापरायला आहे. रसायन म्हणून, औषध म्हणून पूर्वी झालेल्या किंवा दुसरीकडे चाललेल्या चाचण्या त्यात येत नाहीत. म्हणून तुमचं अर्धं खरं आहे, इथे बनलेल्या डायवर 'आम्ही प्राण्यांवर टेस्ट केली नाही' लिहिणं म्हणजे सिग्नल पाळतो म्हणून पाटी लावण्यासारखं आहे. पण घटकांबद्दल त्याने काही सिद्ध होत नाही. 'फिनिश्ड प्रॉडक्ट नॉट टेस्टेड' असं लिहिलेलं असेल तर तर नक्कीच सप्लायरकडे बघा.

सशांतही फरक आहे. उड्या मारणारा लीपिंग बनी असेल तर कंपनीला एक तारीख ठरवून द्यावी लागते, त्या तारखेनंतर घटकांवरही नवीन चाचणी नाही, सप्लायरकडून लेखी घ्यायचं, आणि बाहेरचे लोक ऑडिट करतात. पेटाच्या यादीसाठी कंपनी लिहून देते की आम्ही करत नाही, करवून घेत नाही, पण तसं ऑडिट नसतं. आणि तिसरा ससा कुठल्याच संस्थेचा नाही, कुणीही काढावा. मुग्धाताई, तुमच्या बॉक्सवरचा ससा कुठला ते बघा, खाली संस्थेचं नाव आहे का?

मुग्धा_सातारा
नाव काही नाही. दोन कान आणि एक हृदय.

रंगारी_वापी
मग तो चित्रकाराचा ससा.

अनुजा_जयसिंगपूर
मला एक समजत नाही. 'त्या तारखेनंतर' म्हणजे त्याआधी केलेलं माफ? पीपीडीवर तर आधी झालीच असेल ना चाचणी.

रंगारी_वापी
झाली आहे, भरपूर. गिनीपिग, उंदीर सगळ्यांवर. पीपीडी इतकं जोरात ॲलर्जी आणतं की टेस्टची पद्धत नीट चालते का हे पडताळायला सुद्धा तेच वापरायचे. आज बॉक्सवर जो इशारा छापतात त्यामागे त्या जनावरांचा हिस्सा आहे. म्हणून पीपीडी असलेला कुठलाही डाय 'कधीच प्राण्यांवर तपासलेला नाही' असं म्हणत असेल तर ते घटकाच्या बाबतीत खरं असू शकत नाही.

मुग्धा_सातारा
हे लेकीला सांगितलं तर ती म्हणते मग मी काय करू, जुनी चाचणी तर कोणी मागे घेऊ शकत नाही, आजच्या कंपनीला आज जे जमतं ते तिने करावं.

अनुजा_जयसिंगपूर
मला नाही पटत. पण तिचं म्हणणं पण अगदीच टाकाऊ नाही.

दीपा_फ्रँकफर्ट
माझ्या मैत्रिणींत यावरून भांडणं होतात. त्यापेक्षा मोठं भांडण म्हणजे ब्रँड सशाचा, पण त्याची मालक कंपनी चीनमध्ये दुसऱ्या ब्रँडचा डाय विकते. लीपिंग बनी ब्रँडला मिळतो, मालकाला नाही. कोणी म्हणतं ब्रँडला पैसे द्या म्हणजे मालकाला कळेल लोकांना काय हवंय, कोणी म्हणतं पैसा शेवटी एकाच खिशात जातो.

श्रीरंग_के
सासऱ्यांना आता पीपीडी नसलेला पण वीगन असा बॉक्स मिळतो का? दुकानदाराने दाखवला, त्यावर पीपीडी फ्री लिहिलंय आणि आत टोल्यूइन डायअमाइन.

रंगारी_वापी
तो पीपीडीचा भाऊच आहे. पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांपैकी पुष्कळ जणांना त्यानेही येते. सासऱ्यांनी स्वतःहून प्रयोग करू नका, डॉक्टरांकडे पॅच टेस्ट करून घ्या. पाठीला पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि पुन्हा एक दोन दिवसांनी बघतात. त्यात दोन्ही तपासून कळेल. आणि 'झाडाचं आहे म्हणजे निर्धोक' हेही नको. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणातल्या हायड्रोलाइज्ड गव्हाच्या प्रोटीनमुळे दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाचीच ॲलर्जी जडली होती. मुग्धाताईंच्या नव्या बॉक्समध्ये तसलंच प्रोटीन आहे, सगळ्यांना होईल असं अजिबात नाही, पण वीगन करताना बदललेला घटकही तपासायचाच असतो.

मुग्धा_सातारा
माझी खाज पण दोन दिवसांनीच आली होती, म्हणून मी आधी नव्या शाम्पूला दोष दिला. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तोपर्यंत दोन्ही बॉक्स बंद. कंपनीला मेल केला, स्टीअरेट कशाचं आहे आणि चीनमध्ये डाय विकता का. उत्तर आलं की आमची सर्व उत्पादने प्रेमाने बनवलेली आहेत.

नंदा_पार्लर
😂😂 प्रेम पण वीगनच म्हणायचं.

तात्या_ठाणेकर
असो. मी तर मिशीला लावतो, आणि भुवया पण जरा पांढऱ्या झाल्यात. वीगनवाला चालेल ना भुवयांना, डोळ्याजवळ कमी झोंबेल?

रंगारी_वापी
तात्या, नाही!! बॉक्सवर कायद्याने छापावाच लागणारा जो मजकूर आहे ना, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, त्यातच लिहिलंय की पापण्या किंवा भुवयांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. पीपीडी असलेल्या प्रत्येक डायवर तो असतो, वीगन असो नसो. तो बहुतेक बाजूच्या पट्टीवर असतो, पानांच्या चित्राच्या खाली कुठेतरी.

तात्या_ठाणेकर
बघितलं. अक्षरं मुंगीएवढी आहेत. भुवया राहू देत पांढऱ्या.